उत्तर आहे, पण वाट नाही: अंबडच्या एका रोटरी टेबलाचं प्रकरण

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जुन्या सीएनसी मशीनची आणि त्यांच्या रोटरी टेबलांची दुरुस्ती करणारं एक वर्कशॉप आहे. तिथल्या एका तरुण इंजिनिअरने टेबलाची कोनातली चूक न्यूरल नेटवर्ककडून शिकवून घ्यायचं ठरवलं. नेटवर्क एका मर्यादेच्या खाली काही केल्या उतरेना. मला दाखवायला आला तेव्हा त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. "सर, एका हिडन लेयरचं नेटवर्क कुठलंही सलग फलन बसवू शकतं असं प्रमेयच आहे. मग हे का बसत नाही?"

प्रश्न रास्त होता आणि प्रमेयही खरं आहे. सार्वत्रिक सन्निकटन प्रमेयाबद्दल हा गैरसमज मी नाशिकमध्ये बऱ्याच जणांकडून ऐकला आहे, पण तो आकड्यांनी उलगडून दाखवता येईल असं उदाहरण सहसा हाती लागत नाही. इथलं फलन इतकं साधं होतं की नेटवर्कचं उत्तर हाताने लिहिता आलं. त्यामुळे उत्तर असणं आणि ते सापडणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजता आल्या. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो.

टेबल आणि त्याची चूक

हे टेबल वर्म आणि वर्म व्हीलवर फिरतं. व्हीलला ७२ दाते आणि वर्म एकाच आट्याचा, म्हणजे वर्मच्या एका फेरीत टेबल ५ अंश सरकतं आणि ७२ फेऱ्यांत स्वतःची एक फेरी पुरी करतं. कंट्रोलरने मागितलेला कोन आणि टेबल प्रत्यक्षात जिथे थांबतं तो कोन यांत थोडा फरक पडतो. व्हील जराशी विकेंद्री बसल्यामुळे येणारी चूक टेबलाच्या एका फेरीत एकदाच चढते-उतरते, ती इथे २० आर्कसेकंदांची होती; आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. वर्मच्या स्वतःच्या रनआउटमुळे, म्हणजे तो फिरताना किंचित डगमगल्यामुळे येणारी दुसरी चूक वर्मच्या प्रत्येक फेरीत एकदा, म्हणजे टेबलाच्या एका फेरीत ७२ वेळा येते. ती होती ८ आर्कसेकंद. आकडा लहान वाटतो, पण २०० मिलिमीटर त्रिज्येवर ८ आर्कसेकंद म्हणजे जवळपास ८ मायक्रॉन, आणि बोअरच्या पिचमध्ये ते चालत नाहीत.

फेज आणि बारीकसारीक हार्मोनिक सोडून दिले तर चूक अशी लिहिता येते. `t` म्हणजे फेरीचा किती भाग झाला, ० ते १:

```
e(t) = 20·sin(2πt) + 8·sin(2π·72·t)
```

मोजणी नीट झाली होती हे आधी सांगायला हवं. टेबलावर संदर्भ एन्कोडर बसवून, बॅकलॅश मध्ये येऊ नये म्हणून एकाच दिशेने फिरवत, दर ०.१ अंशाला एक अशी ३६०० रीडिंग घेतली होती. एका दात्यामागे ५० रीडिंग येतात, तेवढी भरपूर झाली. पूर्वी हेच टेबल ऑटोकोलिमेटर आणि बारा बाजूंच्या पॉलिगॉनवर तपासत, दर ३० अंशांना एकदा. ३० अंश म्हणजे वर्मच्या बरोबर सहा फेऱ्या. प्रत्येक रीडिंगला वर्म त्याच जागी असायचा आणि ८ आर्कसेकंदांची लाट कागदावर उमटायचीच नाही. त्या रीडिंगवर कितीही चांगलं नेटवर्क शिकवलं असतं तरी ती लाट सापडली नसती. प्रमेय फलनाबद्दल बोलतं, तुमच्या रीडिंगबद्दल त्यात अवाक्षर नाही. या प्रकरणात ती अडचण नव्हती, म्हणून ती इथेच सोडतो.

साध्या दुरुस्तीसाठी कंट्रोलरमध्ये तक्ता भरला की काम भागतं. मग नेटवर्क कशाला? पुढे तापमान आणि टेबलावरचं वजनही विचारात घ्यायचं होतं आणि त्यासाठी तक्ता अपुरा पडतो. हेतू योग्यच होता.

०.०८ वर अडकलेला लॉस

त्याने चूक २० ने भागून घेतली, म्हणजे मोठी लाट १ ची आणि छोटी ०.४ ची झाली. लॉस म्हणून सरासरी वर्ग-चूक घेतली. पहिलं नेटवर्क ६४ न्यूरॉनचं, रेलू ॲक्टिव्हेशनचं. लॉस ०.५८ वरून भराभर ०.०८ वर आला आणि तिथेच बसला. एपॉक वाढवले, लर्निंग रेट कमी-जास्त केला, बॅचचा आकार बदलला. तरी ०.०८. मग न्यूरॉन ५७६ केले. पुन्हा ०.०८ च्याच आसपास.

हा आकडाच निदान सांगत होता. साइन लाटेची सरासरी वर्ग-किंमत तिच्या उंचीच्या वर्गाच्या निम्मी असते. मोठ्या लाटेची ०.५, छोटीची ०.४ गुणिले ०.४ भागिले २, म्हणजे ०.०८. नेटवर्कने मोठी लाट पूर्ण शिकली होती आणि छोटीला हातही लावला नव्हता. लॉस जेव्हा एखाद्या किमतीवर सपाट होतो, तेव्हा ती किंमत फलनाच्या कुठल्या घटकाएवढी आहे ते पाहावं. उरलेल्या चुकीचा आलेख काढला तर त्यात अंदाज बांधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वर्कशॉपच्या फोरमननी स्क्रीनकडे बघून सांगितलं, "ही तर वर्मची लाट. पाच-पाच अंशाला येतेय."

त्या इंजिनिअरचा आक्षेप मात्र कायम होता. लाट ओळखली हे ठीक, पण प्रमेय लाटांमध्ये भेदभाव करत नाही.

प्रमेय नेमकं काय म्हणतं

जॉर्ज सिबेंको यांनी १९८९ मध्ये सिग्मॉइडसारख्या ॲक्टिव्हेशनसाठी हे सिद्ध केलं. त्याच वर्षी हॉर्निक, स्टिंचकोंब आणि व्हाइट यांनीही स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष मांडला. १९९३ मध्ये लेश्नो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सलग ॲक्टिव्हेशन बहुपदी नसलं एवढंच पुरतं, त्यामुळे रेलूही त्यात बसतं. विधान थोडक्यात असं: एका बंद आणि मर्यादित क्षेत्रावरचं कुठलंही सलग फलन घ्या आणि चुकीची कितीही लहान मर्यादा ठरवा. मग असा एक न्यूरॉनचा आकडा आणि असे वेट अस्तित्वात आहेत की एका हिडन लेयरचं ते नेटवर्क क्षेत्रावर सगळीकडे त्या मर्यादेच्या आत राहतं.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी फलन, मग मर्यादा, आणि त्यानंतर न्यूरॉनची संख्या. संख्या तुम्ही आधी ठरवली असेल तर प्रमेय तुमच्याशी काहीच बोललेलं नाही. दुसरं म्हणजे वेट "अस्तित्वात आहेत". सिबेंकोची सिद्धता हान-बानाख प्रमेयावर उभी आहे. अशी नेटवर्क पुरेशी नसती तर विसंगती आली असती, असा तिचा युक्तिवाद आहे. त्यात वेट काढायची कृती नाही, ग्रेडियंट नाही, डेटा नाही. प्रशिक्षण हा विषयच त्या विधानात येत नाही.

आधी ६४ न्यूरॉनचं नेटवर्क पाहू. एकाच इनपुटवरचं रेलू नेटवर्क म्हणजे तुटक सरळ रेषांचा आलेख असतो. प्रत्येक न्यूरॉन त्यात फार तर एक मोड घालतो. ६४ न्यूरॉन म्हणजे जास्तीत जास्त ६४ मोड. आपलं फलन मात्र एका फेरीत १४४ वेळा दिशा बदलतं: ७२ शिखरं, ७२ खळगे. मोठी लाट त्यांना पुसू शकत नाही, कारण छोट्या लाटेचा चढ तिच्यापेक्षा खूपच तीव्र आहे. म्हणजे ६४ न्यूरॉनला हे जमणं अशक्यच होतं. इथे प्रमेय खोटं पडलं नव्हतं, ते लागूच झालेलं नव्हतं.

५७६ चा आकडा मीच सुचवला होता. एका दात्याला आठ मोड या हिशोबाने ७२ गुणिले ८. सरळ तुकड्यांनी साइन जोडताना जास्तीत जास्त चूक किती हे साधं सूत्र सांगतं: उंची गुणिले तुकड्याच्या कोनाचा वर्ग भागिले ८. आठ तुकड्यांसाठी कोन ०.७८५ रेडियन, म्हणून चूक ८ आर्कसेकंदांच्या सुमारे ७.७ टक्के, ०.६२ आर्कसेकंद. वर्कशॉपला १ आर्कसेकंद हवा होता. तेव्हा ५७६ न्यूरॉनमध्ये हवं ते उत्तर निश्चित आहे. तरीही लॉस ०.०८.

उत्तर हाताने लिहिलं

उत्तर आहे हे नुसतं सांगण्यापेक्षा आम्ही ते नेटवर्कमध्ये भरलं. प्रत्येक न्यूरॉनचा मोड एका ठरलेल्या जागी ठेवायचा आणि त्याच्या आउटपुट वेटमध्ये त्या जागी चढ किती बदलतो ते लिहायचं, एवढंच काम होतं. `f` म्हणजे २० ने भागलेली चूक, आणि मोठे वेट एकमेकांना छेदतात म्हणून सगळं `float64` मध्ये:

```python
n = 576
net = nn.Sequential(nn.Linear(1, n), nn.ReLU(),
                    nn.Linear(n, 1)).double()
x = torch.arange(n + 1, dtype=torch.float64) / n
y = f(x)
m = (y[1:] - y[:-1]) * n
a = torch.cat([m[:1], m[1:] - m[:-1]])
with torch.no_grad():
    net[0].weight.fill_(1.0)
    net[0].bias.copy_(-x[:-1])
    net[2].weight.copy_(a.unsqueeze(0))
    net[2].bias.copy_(y[:1])
```

लॉस आला सुमारे ०.०००२५. आधीच्या ०.०८ च्या तीनशे पटींहून कमी, आणि तोही त्याच रचनेच्या, तेवढ्याच न्यूरॉनच्या नेटवर्कमध्ये. प्रशिक्षणाची एकही पायरी न टाकता. एखादं नेटवर्क अडकलं की "रचनेत दम नाही" असा संशय पहिल्यांदा येतो. तो मिटवायचा याहून पक्का मार्ग मला माहीत नाही, फक्त दरवेळी उत्तर हाताने लिहिता येत नाही.

आता हे वेट जरा पाहू. सगळ्यात मोठे आउटपुट वेट १३५ च्या घरात आहेत, शिखरांवर ऋण, खळग्यांवर धन. पायटॉर्चमध्ये ५७६ इनपुटच्या `nn.Linear` चे सुरुवातीचे वेट उणे १/२४ ते अधिक १/२४ यांच्या दरम्यान यादृच्छिक निवडले जातात. म्हणजे फार तर ०.०४२. तिथून १३५ पर्यंत, तीन हजार पटींहून जास्त वाढ, आणि शेकडो वेटची एकमेकांशी जुळवून चिन्हांसकट.

मोडांच्या जागेचंही असंच. पहिल्या लेयरला एकच इनपुट असल्याने वेट आणि बायस दोन्ही उणे १ ते अधिक १ मधून निवडले जातात. न्यूरॉनचा मोड उणे बायस भागिले वेट या ठिकाणी पडतो. तो ० ते १ मध्ये यायला दोघांची चिन्हं विरुद्ध हवीत आणि बायस वेटपेक्षा लहान हवा: अर्धी शक्यता गुणिले अर्धी, म्हणजे पाव. ५७६ पैकी सरासरी १४४ न्यूरॉनचेच मोड टेबलाच्या फेरीत पडले, बाकीच्यांनी त्या पट्ट्यात नुसती सरळ रेष दिली किंवा शून्य. १४४ वळणांसाठी १४४ मोड, तेही वाटेल तिथे. इंजिनिअरला वाटत होतं त्याच्याकडे ५७६ न्यूरॉन आहेत. सुरुवातीला कामाला आलेले त्याच्या चौथ्या हिश्शाइतकेच होते.

ग्रेडियंटला लाट दिसते किती

वेट लांब आहेत हे मान्य, पण शिकणं म्हणजे तिथवर चालत जाणंच की. चालायला दिशा लागते. ती दिशा किती ठळक होती, हे इथे मोजता येतं.

ज्याचा चढ ० पासून १ पर्यंत पसरलेला आहे असा एक न्यूरॉन घ्या. त्याच्या आउटपुट वेटचा ग्रेडियंट म्हणजे त्याचा चढ आणि उरलेली चूक यांच्या गुणाकाराची सरासरी. फेरीत k वेळा येणाऱ्या साइन लाटेसाठी ती सरासरी, चिन्ह सोडलं तर, १ भागिले 2πk येते. k = १ असेल तर ०.१५९. k = ७२ असेल तर ०.००२२. रुंद चढाच्या खाली लाटेची प्रत्येक वरची कमान शेजारच्या खालच्या कमानीला खाऊन टाकते, आणि न्यूरॉनच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. लाटेची उंची समान धरली तरी बहात्तराव्या लाटेचा धक्का पहिलीच्या बहात्तराव्या भागाइतका.

एवढ्यावर थांबत नाही. एखादा घटक किती वेगाने शिकला जातो हे सगळ्या वेटवरच्या धक्क्यांच्या वर्गांच्या बेरजेवर ठरतं: धक्का जितका, तितका वेट हलतो, आणि हललेला वेट पुन्हा तेवढ्याच प्रमाणात त्या घटकावर परिणाम करतो. म्हणून वेगातला फरक ७२ चा वर्ग, ५१८४ पट. मोठ्या लाटेला समजा १०० एपॉक लागले, तर छोटीला याच गतीने पाच लाखांवर. हा हिशोब साध्या ग्रेडियंट डिसेंटचा आणि मोड फारसे हलत नाहीत त्या टप्प्याचा आहे. ॲडम वापरल्यावर प्रत्येक वेटच्या पायरीचं माप वेगळं होतं, पण ज्या खुणेवरून पायरी टाकायची ती तितकीच पुसट राहते. न्यूरॉन दसपट केले तर मोड वाढतात, हे गुणोत्तर बदलत नाही. रुंदीने उत्तराला जागा मिळते. उत्तराकडे जाण्याच्या वेगाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

संथ लाटा आधी आणि जलद लाटा नंतर शिकण्याच्या या कलाला स्पेक्ट्रल बायस म्हणतात. रहमान आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या नावाने त्याचा अभ्यास मांडला.

कारण हेच आहे हे तपासायला एक छोटा प्रयोग केला. पूर्ण फेरीऐवजी फक्त १५ अंशांची रीडिंग घेतली, तीन दाते, आणि तो पट्टा ताणून पुन्हा ० ते १ केला. नेटवर्क तेच, वर्मची लाट तीच, फक्त आता ७२ ऐवजी ३ वेळा येणारी. ती शिकली गेली. लाटेत शिकण्यास अवघड असं काही नव्हतं. पट्ट्याच्या लांबीच्या मानाने ती फार दाट होती.

उत्तरावर ठेवलं तरी टिकेना

यानंतरचा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इंजिनिअर म्हणाला, "वाट लांब आहे ना, मग हाताने लिहिलेल्या वेटपासूनच सुरू करू. राहिलेलं ०.६२ तेवढं कमी होईल." कल्पना चांगली होती. साधा ग्रेडियंट डिसेंट, लर्निंग रेट ०.००१. पहिल्याच काही पायऱ्यांत लॉस फुटला आणि आकडे मोजण्यापलीकडे गेले.

कारण पुन्हा त्या १३५ च्या वेटमध्ये आहे. एखाद्या न्यूरॉनचा बायस जरासा हलला की त्याचा मोड सरकतो, आणि त्यापुढच्या सगळ्या आलेखात सरकण्याच्या १३५ पटींपर्यंत फरक पडतो. शेकडो बायस एकाच रोखाने हलले तर हे फरक साचत जातात. लॉसची वक्रता या जागी किती आहे याची खालची मर्यादा मी कागदावर काढली: बायसच्या एका ठरावीक दिशेतच ती सुमारे २५ लाख निघते. ग्रेडियंट डिसेंट एखाद्या जागी स्थिर राहायला लर्निंग रेट २ भागिले वक्रता यापेक्षा कमी लागतो. इथे तो ०.००००००८ च्याही खाली हवा. ०.००१ त्याच्या हजार पटींहून मोठा. लर्निंग रेट ०.००००००१ पर्यंत खाली आणला की लॉस फुटेनासा झाला, पण मग पुढे सरकायलाही तयार नाही.

म्हणजे प्रमेयाने सांगितलेलं उत्तर एका अतिशय अरुंद घळीत आहे. ज्या पायरीने मोठी लाट झटक्यात शिकता येते, त्या पायरीने त्या घळीत उभंही राहता येत नाही. शोधणाऱ्याला ते सापडलं नाही यात नवल नाही. त्याच पावलांनी चालताना सापडलं असतं तरी ते हातातून निसटलं असतं. अर्थात ५७६ न्यूरॉनमध्ये याच फलनासाठी इतर वेटही असू शकतात, कदाचित थोडे सौम्य, कारण चढाची जबाबदारी पहिल्या आणि दुसऱ्या लेयरमध्ये वाटून देता येते. पण एवढ्या तीव्र चढ-उतारांसाठी कुठेतरी मोठे वेट लागणारच, त्यातून पूर्ण सुटका नाही.

मग असा एखादा हुशार अल्गोरिदम का नाही, की जो प्रत्येक वेळी हे वेट काढून देईल? सर्वसाधारण उत्तर निराशाजनक आहे. १९८८ मध्ये ब्लम आणि रिव्हेस्ट यांनी दाखवलं की पायरीसारख्या उंबरठा-न्यूरॉनचं अवघ्या तीन नोडचं नेटवर्कसुद्धा दिलेल्या डेटावर बिनचूक बसवता येतं का, हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे. सगळ्या फलनांसाठी उत्तराच्या अस्तित्वाची हमी देणारं प्रमेय आहे. सगळ्या फलनांसाठी ते झटपट शोधून देण्याची हमी मिळेल अशी आशा त्यानंतर धरणं अवघड आहे.

काय केलं

उपाय फोरमनच्या वाक्यातच होता. वर्म पाच अंशांना फिरतो हे माहीत असताना ते नेटवर्कला स्वतः शोधायला लावायचं कारण नव्हतं. इनपुट म्हणून कोनाऐवजी चार आकडे दिले: टेबलाच्या फेरीचे साइन आणि कोसाइन, वर्मच्या फेरीचे साइन आणि कोसाइन.

```python
X = np.column_stack([np.ones_like(t),
    np.sin(2*np.pi*t), np.cos(2*np.pi*t),
    np.sin(2*np.pi*72*t), np.cos(2*np.pi*72*t)])
c, *_ = np.linalg.lstsq(X, e, rcond=None)
```

पाच गुणक, एक लीस्ट स्क्वेअर्स, आणि फेजही आपोआप सांभाळली जाते. उरलेल्या चुकीचा एफएफटी काढला तर १४४ वर एक छोटा काटा दिसला, वर्मच्या एका फेरीत दोनदा येणारी चूक. तीही साइन-कोसाइनची जोडी म्हणून घातली. उरलेली चूक आर्कसेकंदाच्या आत आली.

इंजिनिअरला सुरुवातीला हे थोडं हार मानल्यासारखं वाटलं. मला तसं वाटत नाही. ७२ वेळा येणारी लाट नव्या इनपुटच्या दृष्टीने सरळ रेष आहे; फलन तेच राहिलं, पण ज्या निर्देशकांत ते मांडलं त्यांत ग्रेडियंटला ते ठळक दिसतं. हीच युक्ती, वारंवारता आधी माहीत नसताना यादृच्छिक साइन-कोसाइन घेऊन, टॅन्सिक आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये फूरिए फीचर या नावाने मांडली. तिथे मात्र वारंवारतांचा पल्ला नीट निवडावा लागतो. फार लहान घेतला तर हाच अडथळा परत येतो, आणि फार मोठा घेतला तर रीडिंगमधला गोंगाटही शिकला जातो. आमच्याकडे दात्यांची संख्या होती, त्यामुळे ती निवड करावी लागली नाही.

नेटवर्क गेलं नाही. तापमान आणि वजन आता त्याच्याकडे आहेत: इनपुटमध्ये हे साइन-कोसाइन, सोबत टेबलाच्या बॉडीचं तापमान आणि वजन, आणि आउटपुट म्हणजे वरच्या सूत्रातून सुटलेली चूक. सकाळी मशीन थंड असताना आणि दुपारी तापल्यावर चूक हळूहळू सरकते, त्यात एकाएकी वळण नसतं. ३२ न्यूरॉन पुरले आणि प्रशिक्षण पहिल्या प्रयत्नात नीट झालं. प्रमेय तिथेही लागू होतं, जसं ते ५७६ न्यूरॉनला लागू होतं. तापमानाच्या बाजूने फलन संथ असल्यामुळे ग्रेडियंटला ते सुरुवातीपासून दिसतं, एवढाच फरक.

वर्म नव्याने ग्राइंड केला की छोट्या लाटेची उंची बदलते. तेव्हा ३६०० रीडिंग पुन्हा घ्यायची, गुणक पुन्हा काढायचे, आणि उरलेल्या चुकीचा एफएफटी बघून मगच नेटवर्कला हात लावायचा, असा क्रम त्या वर्कशॉपने आता ठरवून घेतला आहे.